पंढरीच्या गाडीत

कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील गजबजलेले जंक्शन आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या येथे घटकाभर विसावतात आणि पंढरपूरची वाट येथूनच फुटते. या वाटेवर १९०६ साली पहिली गाडी धावली. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद होते. ‘बार्शी लाइट’ या नावाने ती छोटी गाडी साऱ्या मुलखात ओळखली जाई. माझ्या लहानपणी तिच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत. आता ते रूळ रुंद झाले आहेत आणि डबेही ऐसपैस झाले आहेत. परंतु वारीच्या दिवसांत आत शिरलेल्या माणसाला तो फरक मुळीच जाणवत नाही!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माघ शुद्ध दशमीचा दिवस होता. आषाढी आणि कार्तिकी या वाऱ्या सर्वांना ठाऊक असतात. परंतु माघ आणि चैत्र महिन्यांतही वारकरी पंढरीला जातात. काही कामानिमित्त मलाही त्याच दिवशी पंढरपूरला जावे लागले. कुर्डुवाडीला गाडीत चढलो, तेव्हा पाय ठेवायलाही जागा नव्हती. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, काखेत पडशी अशी माणसे दाटीवाटीने बसली होती. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने “या गुरुजी, बसा,” असे म्हणून थोडे सरकून मला जागा दिली. मी शिक्षक आहे हे त्याने कशावरून ओळखले, देव जाणे!

माझ्यासमोर खिडकीशी एक बाई बसली होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर असावे. हिरवट रंगाचे जुनेरे लुगडे, गळ्यात माळ आणि उन्हाने रापलेला चेहरा. तिच्या शेजारी तिची मुलगी होती. ती वीस-बावीस वर्षांची असेल. तिच्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक होते. पण ते उघडण्याइतकी जागा तिला मिळाली नव्हती.

गाडी सुटली. दोन्ही बाजूंनी शाळूची शेते मागे पडू लागली. कणसे भरली होती आणि पाखरे हाकण्यासाठी जागोजागी माळे उभारलेले दिसत होते. बाई गुडघा चोळीत म्हणाली, “दर साली दिंडीबरोबर पायी येत होते. यंदा गुडघ्यानं दगा दिला. म्हटलं, गाडीनं का होईना, पण वारी चुकवायची नाही. आणि ह्या खेपेला तुला बरोबर आणलं, ते बरं झालं. नर्सची परीक्षा पास झालीस, नोकरीचा कागद आला. उद्या देवाच्या पायांवर डोकं ठेव.”

“परीक्षा मी दिली, आई,” मुलगी शांतपणे म्हणाली. “रात्र रात्र जागून अभ्यास मी केला. विठोबानं काय केलं?”

“असं बोलू नये, पोरी.”

“का बोलू नये? पास झाले तर त्याची कृपा, आणि नापास झाले असते तर माझा आळस! हा कुठला न्याय?”

आजूबाजूच्या चार माना वळल्या. बाईने पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हटले, “त्याची कृपा म्हणजे त्यानं पेपर लिहिला असं नव्हे. चांगलं झालं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. म्हणून जायचं.”

“आणि वाईट झालं, म्हणजे?” मुलीचा आवाज एकदम चढला. “आबा गेले, तेव्हा कुठे होता तुझा देव? पारावर तर होता ना, समोरच!”

बाई काही बोलली नाही. तिचा गुडघ्यावरचा हात मात्र थांबला. तेवढ्यात माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, “काय झालं होतं गं, आबांना?”

मुलीने त्याच्याकडे पाहिले. सांगावे की न सांगावे, असा क्षणभर विचार केला असावा. मग ती सांगू लागली.

पाच वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली ती हकीकत होती. तिचे वडील ओसरीवर घोंगडी टाकून झोपले होते. मध्यरात्रीनंतर कानापाशी काही टोचल्यासारखे होऊन ते जागे झाले. चिमणी लावून पाहिले, तर काहीच दिसले नाही. मुंगी चावली असेल असे म्हणून ते पुन्हा निजले. पहाटे त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. घरच्यांनी ओवा दिला. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या. झोप अपुरी झाली असेल, असे सर्वांना वाटले. पुढे घोटभर पाणीही गिळता येईना, तेव्हा कोणीतरी म्हणाले, “हे पान लागल्याचं लक्षण आहे.” साप चावणे याला खेड्यात ‘पान लागणे’ म्हणतात. लगेच चौघांनी त्यांना उचलले आणि मारुतीच्या पारावर नेऊन बसवले. लिंबाचा पाला चघळायला दिला. पाला कडू लागला तर विष नाही आणि गोड लागला तर विष आहे, अशी समजूत. मग मंत्र सुरू झाले, देवाला साकडे घातले गेले. या सगळ्यात उजाडून आठ वाजले. आबांचा आवाज बंद झाला, तेव्हा कोठे जीप बोलावली. तालुक्याचा दवाखाना वीस किलोमीटरांवर होता. वाटेतच त्यांचा श्वास थांबला.

“तेव्हा मी दहावीत होते,” मुलगी म्हणाली. “काय झालं ते मला कळलं नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला ते पुस्तकात वाचलं, तेव्हा कळलं. ती मण्यार होती. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही. नाग किंवा घोणस चावली तर जागा सुजते, आग होते. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, फारशी आगही नाही. पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पुस्तकात हे सगळं ओळीनं लिहिलं होतं. मला वाटलं, कुणीतरी आमच्या ओसरीवर बसूनच लिहिलंय.”

म्हातारा मान हलवीत म्हणाला, “पण पोरी, आमच्या गावात मारुतीपुढे बसवलेली माणसं उठून घरी चालत गेलेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीत. एक नाही, पाच-सात.”

“गेली असतील, आजोबा,” ती म्हणाली. तिच्या स्वरातला राग थोडा निवळला होता. वर्गात शिकवावे तशी ती बोलू लागली. “आपल्याकडे जितके साप दिसतात, त्यांतले बहुतेक बिनविषारी. धामण चावली, दिवड चावला, तर माणूस घाबरतो. पण मरत नाही. त्याला मारुतीपुढे बसवा, नाहीतर चावडीपुढे बसवा, तो उठून चालणारच. विषारी साप चावला तरी कधी कधी तो विष सोडतच नाही. ही सगळी माणसं वाचतात, आणि गाव म्हणतं, देवानं वाचवलं. ज्याच्या अंगात खरंच विष भिनलं, तो एकटा मरतो. मग गाव म्हणतं, त्याची वेळ भरली होती. अशा हिशेबात देव कधी हरायचाच नाही!”

मला तिच्या बुद्धीचे कौतुक वाटले. म्हाताऱ्याने विचारले, “मग करायचं काय माणसानं?”

“चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. चालवत न्यायचं नाही. मोडलेल्या हाताला बांधतात तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा. आणि मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखान्यात न्यायचं. सापाचं इंजेक्शन तिथे असतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात त्यावरचा जो उतारा तयार होतो, त्यापासून ते करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ते एकच चालतं. पण ते वेळेत मिळायला हवं. श्वास बंद पडायला लागला, तर नुसत्या इंजेक्शननं भागत नाही, श्वास देणारं यंत्रही लागतं. आबांचे तीन तास पारावर गेले. तीन तास!”

मोडनिंब स्टेशन आले. चहावाल्याने आरोळी दिली, पण आमच्या बाकावर कोणी चहा मागितला नाही. गाडी पुन्हा चालू लागली. मुलगी आता आईकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता. परंतु त्यात अधिक धार होती.

“आणि तू त्याच देवाच्या दर्शनाला निघालीस. ज्याच्या दारात चोखोबाला आत घेतलं नाही, त्या देवाच्या! गुरुजी, तुम्हीच सांगा, खोटं आहे का हे?”

असा प्रश्न आल्यावर गप्प बसणे मला बरे वाटले नाही. मी म्हणालो, “खोटे नाही. संत चोखामेळ्याची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, बाहेरच आहे. शतकानुशतके त्यांच्या समाजाला तेथून पुढे जाता आले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते मंदिर सर्वांना खुले झाले. हेही मात्र लक्षात घे, की दार अडवणारे विठ्ठलाचे नाव घेत होते आणि ते उघडावे म्हणून प्राण पणाला लावणाऱ्या साने गुरुजींच्या ओठीही तेच नाव होते.”

मुलगी विचारात पडली. पण ते उत्तर तिच्या मनातल्या प्रश्नाचे नव्हते, हे मला दिसत होते. खरा प्रश्न तिने पुढच्याच क्षणी विचारला.

“आई, त्या रात्री तू पारावर होतीस. तुला एकदाही वाटलं नाही, की यांना दवाखान्यात न्यावं?”

बाईने खिडकीबाहेर पाहिले. बऱ्याच वेळाने ती बोलली.

“वाटलं होतं.”

“मग?”

“मग काय! भावकीतली मोठी माणसं पुढे होती. बाईमाणसानं मध्ये बोलायचं नाही, असं वळण. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या पापण्या मी बोटानं वर करत होते आणि त्या पुन्हा खाली येत होत्या. तोंडाशी शब्द आला होता, की जीप बोलवा. तो बाहेर काढला नाही. होय, गप्प बसले मी.”

डब्यात कोणीतरी टाळ वाजवीत होते. तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

“त्यानंतर मात्र गप्प बसले नाही,” बाई पुढे म्हणाली. “आपल्या घरात विठोबाचा फोटो आहे, त्याच्याखाली भिंतीवर कोळशानं जीपवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय. तू सुट्टीला आलीस तेव्हा बघितला असशील.”

“बघितला. मला वाटलं, बाजाराला जायला लागतो.”

“मागल्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या एका पोराला घोणस चावली. पाय सुजून खांबासारखा झाला. त्यालाही पारावर आणला. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मारुतीला हात वाटेतनं जोडा. गाडी थांबवायची नाही. मोठी माणसं अंगावर आली. कुणी म्हणालं, नवरा गेला तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण? मी म्हटलं, नव्हतं, म्हणून तर आज आलंय. जीप येईपर्यंत मी हलले नाही. पोराला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. आता शाळेत जातो.”

मुलगी आईकडे एकटक पाहत होती. “हे तू मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? ज्यांच्या वेळेला बोलायला हवं होतं, त्यांच्या वेळेला बोलले नाही. दुसऱ्याच्या वेळेला बोलले, त्यात मोठेपणा कसला?”

“मग पंढरपूरला कशाला जातेस? काय मागतेस त्याच्याकडे?”

“मागायला मी कधीच गेले नाही, बाळ. वारी म्हणजे नवस नव्हे. तुझे आबा गेल्यावर गावात कुणाजवळ तोंड उघडलं, की कुणी म्हणायचं, तुझीच चूक. कुणी म्हणायचं, नशीब. दोन्ही ऐकवत नव्हतं. त्या साली दिंडीबरोबर गेले. दिवसभर रांगेत उभी राहिले आणि त्याच्यापुढे पोचले तेव्हा मनात म्हटलं, मी गप्प बसले. बस, एवढंच. तो काही बोलला नाही. चूक म्हणाला नाही आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं. तेवढ्यासाठी जाते. दगड आहे म्हणशील, तर म्हण. मला ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.”

यावर मुलगी काहीतरी बोलेल, असे मला वाटले. तिच्या ओठांची हालचालही झाली. कदाचित ‘मी होते की’ असे तिला म्हणायचे असेल. परंतु त्या वेळी ती दहावीतली मुलगी होती आणि तिला काहीच कळलेले नव्हते. हेही तिला आठवले असेल. ती बोलली नाही. बाईही पुढे बोलली नाही. इतका वेळ एकमेकींवर आदळणारे ते दोन आवाज असे एकाएकी थांबले, की शेजारच्या म्हाताऱ्यानेही आपली चंची उघडता उघडता हात आवरला.

ते मौन रुसव्याचे नव्हते. भांडून थकलेल्या माणसांचेही नव्हते. वर्गात एखादे अवघड गणित फळ्यावर सुटत जाते आणि शेवटच्या पायरीला सगळी मुले गप्प होतात, तसे काहीसे ते होते. फरक इतकाच, की येथे उत्तर निघाले नव्हते. मण्यारीच्या विषाविषयी मुलगी जे बोलली, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आईने जे सांगितले, तेही खोटे म्हणता येत नव्हते. मुलगी विचारीत होती, की माणूस कशाने वाचतो. आणि आई सांगत होती, की माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याने कसे जगायचे. हे दोन प्रश्न निराळे आहेत. पाच वर्षे त्या दोघी ते एकच समजून मनातल्या मनात भांडत आल्या असाव्यात.

थोड्या वेळाने गाडीचा वेग मंदावला. चाकांचा आवाज बदलून पोकळ झाला. भीमेचा पूल आला होता. पंढरपुरापाशी ही नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला तेथे चंद्रभागा म्हणतात. माघातले पाणी थोडे होते. वाळवंट उन्हात चमकत होते आणि त्यावर माणसांचे लहान लहान ठिपके दिसत होते. डब्यात एकदम विठ्ठलनामाचा गजर उठला. खिडक्यांतून हात बाहेर गेले आणि पाण्यात नाणी पडली. बाईने डोळे मिटून हात जोडले.

मुलीने हात जोडले नाहीत. ती आईच्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिली. ज्या बोटांनी त्या रात्री आबांच्या पापण्या वर धरल्या होत्या, तीच ती बोटे, असे तिच्या मनात आले असेल का? मला माहीत नाही. तिने पायांशी ठेवलेली आईची पिशवी उचलून आपल्या खांद्याला अडकवली आणि पुस्तक त्या पिशवीतच ठेवून दिले.

पंढरपूर स्टेशनात गाडी थांबताच एकच गर्दी उसळली. बाईला गुडघ्यामुळे पायरी उतरणे जड जात होते. मुलगी आधी खाली उतरली आणि आईचा दंड धरून तिने तिला सावकाश उतरवून घेतले.

“उद्या रांग लांब असेल,” बाई म्हणाली. “तुझ्यानं उभं राहवायचं नाही. तू बाहेरच थांब. कळसाचं दर्शन घेतलं तरी वारी पोचते.”

“तुझ्या गुडघ्याला इतका वेळ उभं राहणं झेपणार नाही,” मुलगी म्हणाली. “मी येईन रांगेत. मध्ये मध्ये तुला बसवायला कुणीतरी हवं.”

“आणि आत?”

मुलीने लगेच उत्तर दिले नाही. फलाटावरून माणसांचा लोंढा वाहत होता. ती आईला बाजूला घेऊन एका खांबाच्या आडोशाला उभी राहिली आणि म्हणाली, “आतलं आत गेल्यावर बघू.”

त्या दोघी हळूहळू चालू लागल्या. आईच्या चालीला जुळेल इतकीच मुलीची चाल होती. फाटकापाशी बुक्क्याचे आणि तुळशीच्या माळांचे ठेले मांडले होते. तेथवर मला त्या दिसत होत्या. पुढे गर्दीत मिसळून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने देवाच्या पायांवर डोके ठेवले की नाही, हे मला कधीच कळले नाही. ते कळावे, असे मला फारसे वाटलेही नाही. भिंतीवर विठोबाच्या तसबिरीखाली कोळशाने लिहिलेला तो जीपवाल्याचा नंबर मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो.